30 बॉल 30 रन, 6 विकेट हातात: चेसचा भाव नेमका कसा बसतो

प्रश्न: चेस चालू असताना आस्किंग रेट आणि हातातल्या विकेट बघून जिंकण्याची टक्केवारी किंवा भाव कसा काढतात? 2024 च्या टी-20 वर्ल्ड कप फायनलला आफ्रिकेला 30 बॉलमध्ये 30 हवे होते, 6 विकेट हातात होत्या, तेव्हा सगळे म्हणत होते मॅच गेली. तो आकडा खरंच तेवढा एकतर्फी होता का, की मॉडेलं चुकली?

उत्तर:

मी इंग्लंडमध्ये लायसन्स असलेल्या एका कंपनीच्या इन-प्ले डेस्कवर बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणजे मॅच चालू असताना दर बॉलला भाव बदलायचा. भारतात 2025 च्या कायद्यानंतर पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंदच आहेत, त्यामुळे हे पैसे लावण्यासाठी नाही, गणित म्हणून वाचा. टीव्हीवर कोपऱ्यात जी टक्केवारी दिसते तीही साधारण याच घराण्यातली असते.

आधी आस्किंग रेटचं बघू, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. आस्किंग रेट 6 म्हटलं की सोपं, 12 म्हटलं की अवघड, एवढंच डोक्यात असतं. पण 6 चा रेट 6 बॉलसाठी, 30 बॉलसाठी आणि 60 बॉलसाठी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दाखवायला मी एका बॉलवर काय होऊ शकतं याचं एक साधं टेबल घेतो. डॉट 30 टक्के, एक रन 40, दोन 8, चौकार 11, षटकार 6 आणि विकेट 5 टक्के. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या मॅचमधून मोजलेले नाहीत. याची सरासरी निघते बॉलमागे 1.36 रन, म्हणजे ओव्हरला जरा आठच्या वर, आणि एका बॉलचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीच्या किती वरखाली होतं त्याचं माप, साधारण 1.67.

आता सरासरी बॉलच्या संख्येने वाढते पण स्टँडर्ड डेव्हिएशन बॉलच्या वर्गमुळाने वाढतं, सगळी गंमत इथेच आहे. 6 बॉलमध्ये 6 हवेत तर अपेक्षित 8.16, स्टँडर्ड डेव्हिएशन 4.1, बेल कर्व्हच्या टेबलात बघितलं की जिंकायची शक्यता 74 टक्क्यांच्या आसपास येते. 30 बॉलमध्ये 30 हवेत तर तीच शक्यता 89. 60 बॉलमध्ये 60 तर 95 च्या जरा वर. रेट तिन्हीकडे सहाच! टीमची नेहमीची चाल आस्किंग रेटपेक्षा वर असेल तर जितके बॉल जास्त तितकं बॅटिंगचं भलं, कारण एखादी वाईट ओव्हर भरून काढायला वेळ मिळतो.

रेट टीमच्या चालीपेक्षा वर गेला की हेच उलटं होतं. याच टेबलवर 6 बॉलमध्ये 12 म्हणजे 21 टक्के, 12 बॉलमध्ये 24 म्हणजे 11 टक्के, आणि 30 बॉलमध्ये 60 म्हणजे जेमतेम 2 टक्के. एका ओव्हरमध्ये नशीब जोरावर असू शकतं, सलग पाच ओव्हर कुठून असणार.

पण थांबा, 30 बॉलमध्ये 60 रन 2 टक्के हे वाचून आयपीएल बघणारा कोणीही हसेल, कारण अशा मॅच शंभरातून दोनापेक्षा नक्कीच जास्त निघतात. मग टेबलात चुकलं काय? चुकलं एवढंच की 60 हवे असताना कोणी 30 टक्के डॉट आणि 40 टक्के सिंगलवालं क्रिकेट खेळत बसत नाही, बॅट्समन गियर बदलतो. म्हणून दुसरं टेबल लागतं, मारायच्या मोडचं. डॉट 30, सिंगल 30, दोन 6, चौकार 14, षटकार 10 आणि विकेट थेट 10 टक्के. सरासरी 1.58 होते, स्टँडर्ड डेव्हिएशन 1.67 वरून दोनच्या जवळ जातं. आता तेच 30 बॉल 60 रन 13 टक्क्यांवर येतं.

आणि विकेट हातात असणं म्हणजे काय ते इथे कळतं. विकेट हातात असल्या म्हणून आपोआप रन येत नाहीत, विकेट म्हणजे हा दुसरा मोड चालवायची परवानगी. मारायच्या मोडमध्ये 30 बॉलला सरासरी 3 विकेट जातात. हातात 7 असतील तर ऑलआउट व्हायची भीती नगण्य, अडीच-तीन टक्के. पण हातात 3 च असतील तर तिन्ही 30 बॉल संपायच्या आत जायची शक्यता जवळपास 59 टक्के आहे. म्हणजे त्या टीमला तो मोड परवडत नाही, ती पहिल्या टेबलावर अडकते, आणि तिथे आपण बघितलंच की 2 टक्के. आस्किंग रेट आणि विकेट हे दोन वेगळे इनपुट म्हणून फॉर्म्युल्यात बेरीज केलेत की भाव चुकलाच म्हणून समजा. रेट सांगतो की किती मारायला लागेल, विकेट सांगतात की तेवढं मारणं परवडतं का, दोन्ही एकमेकांत गुंतलेत.

आता फायनल. 29 जून 2024, ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल, भारत 176, आफ्रिकेला 177 हवेत. अक्षरच्या पंधराव्या ओव्हरमध्ये 24 गेले आणि स्कोअर झाला 147 ला 4. क्लासेन तुफान सुटलेला, दुसऱ्या टोकाला मिलर. 30 बॉल, 30 रन, 6 विकेट. आपल्या पहिल्या टेबलाने 89 टक्के आफ्रिका. कुणी म्हणेल मारायचा मोड घेतला तर 95 च्या आसपास जातं, आणि ते खरंय, गणिताने जातं. त्या वेळी लोकांच्या डोक्यात जो आकडा होता तोही याच पट्ट्यातला होता.

डेस्कवर बसलेला माणूस मात्र इथे लगेच एक प्रश्न विचारतो, उरलेल्या पाच ओव्हर टाकणार कोण? अक्षर आणि कुलदीपचा कोटा संपला होता, म्हणजे ज्यांना मार पडत होता ते दोघं आता बॉलिंगला येणारच नव्हते. बुमराहच्या दोन ओव्हर शिल्लक, अर्शदीपची एक, आणि बाकीच्या दोन हार्दिक टाकेल हे दिसतच होतं. पंधराव्या ओव्हरचे 24 बघून भाव काढणारा त्या बॉलरचा भाव काढत असतो ज्याचं काम संपलंय. बुमराहची ओव्हर आठच्या ऐवजी सहाची धरली, बाकी तिन्ही तशाच ठेवल्या, तर अपेक्षित रन 40.8 वरून साडेछत्तीसवर येतात आणि 89 चं होतं 78. म्हणजे बाकी काहीही न बदलता, फक्त बॉलरचं नाव घालून, भारताची शक्यता 11 वरून 22 वर, चक्क दुप्पट झाली. फेवरिट तेव्हाही आफ्रिकाच होती, पण "मॅच गेली" आणि "पाचातून एकदा तरी निघेल" यात भावाच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे.

सोळावी बुमराह, 4 रन. आता 24 बॉलमध्ये 26. आस्किंग रेट 6 वरून 6.5, टीव्हीवर कुणाला काही वाटलं नाही. शिल्लक एक ओव्हर बुमराहची, तीन बाकीच्यांच्या, हिशोब केला तर 73 टक्के आफ्रिका. मग हार्दिकच्या सतराव्या ओव्हरचा पहिलाच बॉल, ऑफच्या बाहेर संथ, क्लासेनच्या बॅटची कड लागून पंतकडे. 27 बॉलमध्ये 52 करून तो गेला.

त्या एका बॉलने आस्किंग रेट 6.5 चा झाला 6.78, म्हणजे काहीच नाही. विकेट 6 च्या 5 झाल्या, तेही स्कोअरबोर्डवर काही भयंकर दिसत नाही, 23 बॉलमध्ये 26 आणि 5 विकेट हातात, कुठल्याही सरासरी टेबलात बॅटिंग टीमच पुढे. पण त्या 5 विकेट कोणाच्या होत्या? खाली यान्सन, महाराज, रबाडा, नॉर्किया, शम्सी, आणि क्रीजवर एकटा मिलर. त्या टीमने शेपूट लांब ठेवलेलं होतं. सातव्या नंबरपासून बॉलरच सुरू.

म्हणून आता बॉल वाटून बघायचे. निम्मे मिलर खेळेल, त्याचे 1.36, निम्मे यान्सन खेळेल, त्याला मी 1.05 धरतो, सरासरी 1.2. बुमराहच्या सहा बॉलला त्याहून कमी. बेरीज येते 25.7, हवेत 26. म्हणजे नाणेफेक, 51 टक्के. 73 वरून 51, एका बॉलवर बावीस पॉइंट, जेव्हा रेट आणि विकेटचा जाडा हिशोब करणारं मॉडेल फार तर आठ-दहा पॉइंट हललं असतं. माझ्या मते त्या मॅचमधला सगळ्यात महागडा बॉल हाच होता, शेवटच्या ओव्हरमधल्या सूर्यकुमारच्या कॅचपेक्षाही, आणि ज्याचं मॉडेल "5 विकेट" एवढंच वाचत होतं त्याला तो बॉल दिसलाच नाही.

पुढे सतराव्या ओव्हरला एकूण 4 आले, 18 बॉल 22. अठरावी बुमराह, 2 रन आणि यान्सन बोल्ड, 12 बॉल 20. एकोणिसावी अर्शदीप, 4 रन, 6 बॉल 16. रेटची वाट बघा, 7.33, मग 10, मग 16. पहिल्या साध्या टेबलाने विकेट आणि बॉलर काहीही न घालता हेच चालवलं तर 66, 29 आणि 4 टक्के येतात. शेवटच्या पाच ओव्हरमध्ये भाव ओव्हरगणिक असा कोसळतो कारण बॉल संपत आले की प्रत्येक डॉटचं वजन वाढत जातं.

शेवटच्या ओव्हरच्या आधी मिलर स्ट्राइकला होता, तो मारायच्या मोडमध्येच असणार, म्हणून तिथे 4 नाही तर 10-11 टक्के म्हणायला हवं. पहिला बॉल हार्दिकचा फुलटॉस, मिलरने उचलला, लाँगऑफला बाउंडरीच्या दोरीवर सूर्यकुमारने आत-बाहेर करून पकडला. तो बॉल षटकार गेला असता तर 5 बॉलमध्ये 10, मिलर अजून उभा, म्हणजे 36 टक्के. कॅच झाल्यावर 5 बॉलमध्ये 16 आणि समोर रबाडा, म्हणजे एक-दोन टक्के. इथे एक बारीक नियम मॉडेलमध्ये असायलाच हवा. ऑक्टोबर 2022 पासून कॅच आउट झाल्यावर बॅट्समननी क्रॉस केलं असलं तरी नवा माणूसच स्ट्राइकला येतो. जुन्या डेटावर शिकवलेलं मॉडेल इथे समोरच्या सेट बॅट्समनला स्ट्राइक देऊन बसतं, आणि शेवटच्या ओव्हरला ती चूक भावात लख्ख दिसते. भारत 7 रनांनी जिंकला, आफ्रिका 169 ला 8.

मग मॉडेलं चुकली का? 90 टक्क्यांवरून मॅच फिरली म्हणजे 90 चुकीचं होतं असं म्हणता येत नाही, दहातून एकदा फिरणारच. पण मला विचाराल तर त्या क्षणी 90 च्या वरचा आकडा फुगलेलाच होता. भारत जिंकला म्हणून हे म्हणत नाहीये, बुमराहच्या दोन ओव्हर आणि आफ्रिकेचं शेपूट या दोन्ही गोष्टी बॉल पडायच्या आधीच सगळ्यांना माहीत होत्या, म्हणून म्हणतोय.

आता वर मी बेल कर्व्हने जे केलं ते कागदावर पटकन अंदाज घ्यायला ठीक आहे, खऱ्या कामात तसं करत नाहीत. रन 4 आणि 6 च्या उड्यांनी येतात, त्यामुळे शेवटच्या ओव्हरला बेल कर्व्ह भरवशाचा नाही, आणि ऑलआउट होणं त्यात बसतच नाही. खरं काम शेवटून मागे येऊन करतात. मॅचची स्थिती म्हणजे तीन आकडे, हवे असलेले रन, उरलेले बॉल, हातातल्या विकेट. शेवटच्या बॉलनंतरचं उत्तर आपल्याला माहीतच असतं, जिंकले किंवा हरले. त्यावरून एक बॉल शिल्लक असतानाचं, त्यावरून दोन बॉलचं, असं मागे मागे. न्यूझीलंडच्या टीव्हीवर 2012 मध्ये जिंकण्याची टक्केवारी दाखवणारं जे वास्प आलं, कँटरबरी युनिव्हर्सिटीतल्या स्कॉट ब्रूकर आणि शेमस होगन यांचं, त्याचा गाभाही हाच. कोड अगदी छोटा आहे:

```python
from functools import lru_cache

SAFE = {0:.30, 1:.40, 2:.08, 4:.11, 6:.06, 'W':.05}
HIT  = {0:.30, 1:.30, 2:.06, 4:.14, 6:.10, 'W':.10}

def ball(t, r, b, w):
    return sum(p * (V(r, b-1, w-1) if k == 'W'
                    else V(r-k, b-1, w))
               for k, p in t.items())

@lru_cache(None)
def V(r, b, w):
    if r <= 0: return 1.0
    if b == 0 or w == 0:
        return 0.5 if r == 1 else 0.0
    return max(ball(SAFE, r, b, w), ball(HIT, r, b, w))
```

मधली 0.5 टायसाठी आहे, एक रन कमी पडला की सुपर ओव्हर, ती अर्धी-अर्धी धरलीय. वाइड आणि नो-बॉल मुद्दाम सोडलेत. ते घालायचे तर `V(r-1, b, w)` अशी एक टर्म येते ज्यात बॉल कमी होत नाही, आणि ती घालाच, कारण शेवटच्या ओव्हरला एक वाइड म्हणजे एक रन अधिक एक फुकटचा बॉल.

हा कोड जसाच्या तसा `V(30, 30, 6)` ला चालवाल तर तो HIT सहज वापरेल आणि 95 च्या आसपासचं उत्तर देईल. का? कारण त्याच्या लेखी क्लासेन गेला की दुसरा क्लासेन येतो, टेबल सगळ्यांना एकच आहे, विकेटची किंमत त्याला फक्त ऑलआउट व्हायच्या भीतीपुरती कळते. म्हणून पहिली सुधारणा हीच की टेबल `w` वर अवलंबून ठेवायचं, म्हणजे 6 विकेट हातात असताना कोणती जोडी आणि 4 असताना कोणती हे बॅटिंग ऑर्डरमधून यायला हवं. तेवढं केलं की HIT चा हावरटपणा आपोआप कमी होतो. दुसरं, `max` म्हणजे बॅट्समन दर बॉलला अचूक निर्णय घेतो असं मानणं. माणसं तसं खेळत नाहीत, 30 मध्ये 30 हवे असले की बहुतेक टीम जरा जास्तच सावध होतात आणि मग शेवटी अडकतात. त्यामुळे `max` ऐवजी त्या स्थितीत टीम प्रत्यक्षात काय करतात ते डेटातून काढणं जास्त खरं ठरतं. क्रिकशीट या वेबसाइटवर बॉल-बाय-बॉल डेटा फुकट मिळतो, तिथून सुरू करा. एकेका स्थितीचे नमुने मात्र फार थोडे मिळतात, 23 बॉल 26 रन 5 विकेट असं नेमकं शोधायला गेलात तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मॅच. म्हणून शेजारच्या स्थिती एकत्र करून टेबल गुळगुळीत करून घ्यावं लागतं.

इथे बरेच जण विचारतात की डकवर्थ-लुईसचं टेबल आयतं आहे, बॉल आणि विकेटवरून किती रिसोर्स उरले ते त्यात असतं, तेच का नाही वापरायचं. ते टेबल सांगतं बरोबरीचा स्कोअर, म्हणजे पार, किती. तुम्ही पारच्या पाच रन पुढे आहात म्हणजे 55 टक्के की 85 टक्के हे त्यात नसतं. उरलेल्या बॉलमध्ये किती वरखाली होऊ शकतं हे वेगळं घालावं लागतं, आणि 60 बॉल शिल्लक असताना पारच्या पाच पुढे आणि 6 बॉल शिल्लक असताना पाच पुढे यात केवढा फरक आहे ते वर दिसलंच.

अजून एक मोठी चूक सांगतो, कारण ती हुशार लोकांच्या मॉडेलमध्येही सापडते. वरचं सगळं गणित असं धरून चालतं की पिचची सरासरी आपल्याला माहितीय. ती नसते. पहिल्या इनिंगमध्ये पिच वेगळं, दुसऱ्यात दव पडलं की बॉल बॅटवर छान येतो, किंवा उलट जुना बॉल थांबून यायला लागतो. ओव्हरमागे एक रन इकडेतिकडे एवढीच अनिश्चितता धरली तरी पाच ओव्हरमध्ये पाच रनांचा फरक पडतो आणि दहा ओव्हरमध्ये दहाचा, ही चूक सगळ्या बॉलना एकाच दिशेने लागते, एकमेकांत जिरून जात नाही. ती घातली की 30 बॉल 30 चं 89 फक्त 86 वर येतं, पण 60 बॉल 60 चं साडेपंचाण्णव खाली 91 वर येतं. म्हणजे मॅच जितकी लांब शिल्लक तितका फेवरिटचा आकडा जास्त फुगलेला. तुमच्या मॉडेलमध्ये हे होतंय का ते ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या मॅचमधले जिथे जिथे मॉडेल 95 म्हणालं ते सगळे क्षण एका डब्यात टाका, आणि त्यातल्या किती खरंच जिंकल्या ते मोजा. 91 निघाल्या तर हाच आजार. 70 चा डबा, 50 चा डबा, सगळ्यांचं असंच करायचं. फक्त बॉल मोजू नका, मॅच मोजा. एकाच मॅचचे चाळीस बॉल 95 च्या डब्यात पडले तर तो एकच पुरावा आहे, चाळीस नाहीत, आणि नवखे लोक हजारो बॉल दाखवून मॉडेल किती छान आहे म्हणतात तेव्हा आत मॅच भरतात शे-दीडशे.

टक्केवारीवरून भाव काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. 78 टक्के म्हणजे 1 भागिले 0.78, 1.28 चा भाव. भारताचे 22 टक्के म्हणजे 4.55. हे झाले कोरे भाव, त्यात कमाई शून्य. कंपनी लावते 1.23 आणि 4.20 च्या आसपास, दोन्हीचे व्यस्त घेऊन बेरीज केली की 100 च्या ऐवजी 105 येते, ते वरचे पाच म्हणजे मार्जिन. बाहेरून कुठलाही भाव बघून टक्केवारी काढायची असेल तर आधी हे मार्जिन काढून टाका, नाहीतर 1.23 बघून तुम्ही 81 टक्के म्हणाल आणि आतला आकडा 78 असेल. आणि हे मार्जिन दोन्हीकडे सारखं वाटलेलं असेलच असं नाही, शेवटच्या ओव्हरना दूरच्या बाजूवर जास्त चढवतात, कारण 2 टक्क्यांचा अंदाज 3 निघाला तर भाव 50 चा 33 होतो, तिथे चूक फार महाग पडते.

मॉडेल कितीही चांगलं असलं तरी बॉलर रनअपला निघाला की भाव बंद होतो आणि बॉल डेड झाल्यावर, विकेट किंवा रिव्ह्यू असेल तर तो निकाली निघाल्यावरच परत उघडतो. मैदानावर बसलेल्या माणसाला विकेट आधी दिसते, टीव्हीच्या प्रेक्षकाला काही सेकंदांनी, मोबाइलवर स्ट्रीम बघणाऱ्याला त्याहून उशिरा. सूर्यकुमारच्या त्या कॅचला 36 आणि 1-2 यातलं नेमकं काय खरं हे थर्ड अंपायर रिप्ले बघत होता तोपर्यंत ठरायचंच होतं, तेवढा वेळ स्क्रीनवर भावच नसतो, आणि मॉडेल दोन्ही उत्तरं तयार ठेवून नुसतं थांबलेलं असतं.